हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्याला चार ओळी: काळ, शुभेच्छा आणि सूर कसा सांभाळायचा

आमच्या अकाउंट्समधल्या ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून झालं, म्हणजे पोटावर तीन-चार छोटे टाके आणि एक-दोन दिवसांत घरी. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या विभागात नव्याने आलेला मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो मूळचा इंदूरचा. मराठी समजतं, बोलतोही बऱ्यापैकी, पण लिहिताना अडतो. "ताईंना मेसेज पाठवतोय, एकदा बघता का?" म्हणाला. मेसेज असा होता:

> आदरणीय ताई, आपण हॉस्पिटलमध्ये ॲडमिट आहे हे ऐकून खूप दुःख झाले. तुम्ही नेहमी सगळ्यांना मदत करायचात आणि कायम हसतमुख होतात. ऑफिसमध्ये तुमची उणीव भासते. तुम्ही लवकरात लवकर बरे होवो ही ईश्वरचरणी प्रार्थना. काही गरज पडेल तर सांगणे. हार्दिक शुभेच्छा.

मी वाचला आणि हसू दाबलं. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, पण दुसरं-तिसरं वाक्य नुसतं वाचलं तर मेसेज ताईंना नाही, ताईंच्या घरच्यांना लिहिल्यासारखा वाटत होता. मग आम्ही दोघांनी बसून तो ओळीओळीने दुरुस्त केला. त्याच क्रमाने इथे सांगतो. मराठी नव्याने लिहिणाऱ्यांसाठी तर हे आहेच, पण घरात मराठी बोलूनही लिहायची सवय सुटलेल्या आपल्यासारख्यांनाही यातल्या काही गोष्टी लागू पडतील.

आधी एक फोन: नेमकं काय झालंय, कधी झालंय

लिहायला बसण्याआधी ऑपरेशन व्हायचंय की झालंय एवढं विचारून घ्या. घरच्यांना नको, ऑफिसात ज्याला माहीत असेल त्याला. वाक्याचा काळ यावरच ठरतो. उद्या ऑपरेशन असेल तर "सगळं नीट पार पडो". झालं असेल तर "नीट पार पडल्याचं कळलं, हायसं वाटलं". हे उलटं झालं की माणूस टाके घेऊन पडलेला असतो आणि फोनवर दिसतं, "ऑपरेशन यशस्वी होवो". वाचणाऱ्याला लगेच कळतं की याने साधी चौकशीही केलेली नाही.

"पार पडल्याचं कळलं" ही रचना लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. बातमी कळली तो क्षण आणि घटना घडली ती वेळ, दोन्ही एका वाक्यात बसतात. "ॲडमिट झाल्याचं आज कळलं", "ताप उतरल्याचं ऐकलं", "डिस्चार्ज मिळणार असल्याचं समजलं". शेवटच्या वाक्यात गोष्ट अजून व्हायची आहे, म्हणून "मिळणार असल्याचं".

त्याच्या पहिल्या वाक्यात आणखी एक चूक होती: "आपण ॲडमिट आहे". इथे "आपण" म्हणजे तुम्ही, तेव्हा क्रियापद "आहात" हवं. पण मी त्याला "आपण" काढूनच टाकायला सांगितलं. मराठीत "आपण" हा शब्द आदरार्थी "तुम्ही" म्हणूनही चालतो आणि "तुम्ही-आम्ही मिळून" या अर्थानेही. एका ओळीत "आपण बरे व्हाल" आणि पुढच्या ओळीत "मग आपण चहाला जाऊ" असं आलं की दोन्ही "आपण" एकमेकांत घुसतात. शिवाय त्याने पुढच्याच वाक्यात "तुम्ही" लिहिलं होतं. रोज ज्यांच्या शेजारी बसून डबा खातो त्यांना "तुम्ही" पुरे. "आदरणीय"ही गेलं. नुसतं "ताई," स्वल्पविराम देऊन लिहिलं की पुरेसा मान राहतो.

"दुःख झाले" हेही बदललं. हिंदीत आजारपणाच्या बातमीलाही "दुख हुआ" म्हणतात, तिथून ते आलं. मराठीत कुणी आजारी पडल्याचं ऐकून आपल्याला वाईट वाटतं, काळजी वाटते. "दुःख झालं" हे आपण बहुतेक माणूस गेल्यावर म्हणतो.

"करायचात" आणि "होतात": सगळ्यात घातक चूक

आता मुख्य जागा. "तुम्ही नेहमी सगळ्यांना मदत करायचात आणि कायम हसतमुख होतात." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक आहे. "करायचात" हा रीतिभूतकाळ. पूर्वी एखादी गोष्ट नेहमी घडत असे, आता घडत नाही, असा त्याचा अर्थ. आजी दुपारी विड्या वळायची, आम्ही नदीवर पोहायला जायचो, असं आपण म्हणतो ते याच काळात. आणि कुणाच्या शोकसभेत माणसं उभी राहून बोलतात तीही याच काळात: नेहमी मदत करायचे, कधी कुणाला दुखवायचे नाहीत.

ताई तर दोन दिवसांनी घरी जाणार होत्या. त्यांचा स्वभाव ऑपरेशनने संपलेला नाही. तेव्हा स्वभावाबद्दल लिहायचं तर साधा वर्तमानकाळ: "तुम्ही सगळ्यांना मदत करता", "तुम्ही कायम हसतमुख असता". "होतात"च्या जागी "असता" टाकलं आणि वाक्यातला माणूस परत जिवंत झाला.

त्याला मी एक सोपी परीक्षा सांगितली. मेसेजमधून "ताई" काढा आणि त्या जागी "कै." लिहून वाचा. मेसेज तसाच्या तसा चालला, कुठेही खटकलं नाही, तर काहीतरी चुकलंय. ही परीक्षा "उणीव भासते" या वाक्यालाही लावली. इथे काळ वर्तमान आहे, तरी वाक्य नापास होतं, कारण हे शब्दच निधनाच्या बातम्यांत झिजून गुळगुळीत झालेत. "पोकळी", "आठवणी", "कधीही न विसरता येणारं" यांचंही तेच. ताईंशिवाय टेबल ओकंबोकं वाटतं हे सांगायचं असेल तर एखादी खरी, लहान गोष्ट सांगा: "आज दुपारी लोणच्याची बाटली कुणी उघडलीच नाही." त्यात आठवण आहे, पण ताई येऊन ती बाटली उघडणार हेही गृहीत आहे.

आमच्याकडे मात्र आम्ही हे कौतुकाचं वाक्य शेवटी काढूनच टाकलं. टाके पडलेल्या माणसाला स्वतःच्या गुणांची यादी वाचायची नसते, असं माझं मत. निरोपसमारंभासाठी ते राखून ठेवावं.

शुभेच्छेची तीन रूपं, आणि कुठलं कुणाला जोडायचं

"तुम्ही लवकर बरे होवो." नव्या लिहिणाऱ्यांच्या मेसेजमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याची सवय झाली आहे. इथे दोन वेगळी वाक्यं एकमेकांना शिवलेली आहेत.

"होवो" हे आज्ञार्थाचं तृतीय पुरुषी रूप आहे. ते समोरच्या माणसाला लागत नाही. त्याच्याबाहेरच्या एखाद्या गोष्टीला लागतं. प्रकृती सुधारो. झोप लागो. ऑपरेशन नीट पार पडो. दुखणं कमी होवो. गोष्टी अनेक असतील तर शेवटी "त" येतो: सगळे रिपोर्ट चांगले येवोत, टाके लवकर भरून येवोत. हा "त" लोक हमखास विसरतात. "रिपोर्ट चांगले येवो" ऐकायला फारसं खटकत नाही, पण लिहिलेलं दिसतं.

समोरच्या माणसाला थेट सांगायचं तर त्याच आज्ञार्थाचं द्वितीय पुरुषी रूप: "बरे व्हा". इथे लिंगाची अडचण येते. ताईंना "लवकर बऱ्या व्हा", सरांना "लवकर बरे व्हा", बरोबरीच्या मित्राला "लवकर बरा हो", मैत्रिणीला "लवकर बरी हो". बायकांना सर्रास "बरे व्हा" लिहिलेलं दिसतं. कुणी त्यावरून रागावत नाही, पण "बऱ्या व्हा" वाचताना हा निरोप खास आपल्यासाठी लिहिलाय, सगळ्यांना पाठवलेला तुकडा इथे चिकटवलेला नाही, असं वाटतं.

तिसरं रूप विध्यर्थ, म्हणजे "व्हावं". "तुम्ही लवकर बरं व्हावं असं आम्हा सगळ्यांना वाटतं." यात लिंगाची भानगड नाही, ताईंना आणि सरांना तेच वाक्य चालतं. ज्यांना रूपांची धास्ती वाटते त्यांनी निर्धास्तपणे हे वापरावं. त्यात आज्ञा नाही, त्यामुळे वयाने मोठ्यांनाही शोभतं.

आणि भविष्यकाळ? "लवकर बऱ्या व्हाल" हे धीर देणारं वाक्य आहे, साध्या दुखण्यात छान लागतं. "लवकर बऱ्या होणारच" यात मात्र जरा दटावणी येते. डॉक्टरांनी असं काही सांगितलं असेल तर ठीक, नाहीतर आपण कोण छातीठोकपणे सांगणारे.

त्याच्या वाक्यात "लवकरात लवकर"ही होतं. ते मी खोडलं. "लवकरात लवकर" हे शब्द ताईंनी आजवर फक्त व्हाउचर मागणाऱ्या पत्रांत वाचले असतील. नुसतं "लवकर" पुरतं.

"ईश्वरचरणी प्रार्थना" ठेवायचं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. त्यात चूक काही नाही, कितीतरी घरांत ते मनापासून लिहिलं जातं. पण समोरच्याची श्रद्धा कशावर आहे हे माहीत असेल तरच लिहावं असं मी म्हणालो. माहीत असेल तर मग नेमकं लिहावं. समजा, ताई दर मंगळवारी गणपतीला जातात असं काही त्याला ठाऊक असतं, तर "मंगळवारी तुमच्या वतीने देवळात जाऊन येतो" हे त्या प्रार्थनेपेक्षा जास्त पोहोचलं असतं. तसं काही त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही, म्हणून ते वाक्य गळालं. "हार्दिक शुभेच्छा"बद्दल मात्र वाद झाला नाही. ते चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतं, इथे नको, हे त्याचं त्यालाच पटलं.

"गरज पडेल तर सांगणे"

या चार शब्दांत दोन गोष्टी हिंदीतून आल्या होत्या. "ज़रूरत पड़े तो बताना" याचं ते थेट मराठी. मराठीत अट घालताना क्रियापद भूतकाळाच्या रूपात येतं, जरी गोष्ट पुढे घडायची असली तरी: "काही लागलं तर सांगा", "गरज पडली तर फोन करा", "घरी आलात की कळवा". नवख्याला हे विचित्र वाटतं. अजून लागलेलं नाही, मग "लागलं" कसं? पण मराठी असंच बोलतं. आणि "सांगणे" हा "बताना"चा अनुवाद. आपल्याकडे ते जुन्या पत्रांत किंवा परिपत्रकांत दिसतं, "तरी त्वरित कळविणे". माणसाशी बोलताना "सांगा".

रूप सुधारल्यावरही वाक्य पोकळच होतं. "काही लागलं तर सांगा" असं वीस जण लिहितात आणि कुणालाच काही सांगितलं जात नाही, कारण काय सांगायचं हे आजारी माणसाने ठरवायचं असतं. त्यापेक्षा आपण खरोखर करू शकतो असं एकच काम नाव घेऊन सांगावं. हॉस्पिटल त्या मुलाच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. मग "रात्री कुणी थांबायला हवं असेल तर मी जवळच राहतो" हे वाक्य खरं होतं. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं, खरंच थांबशील का? थांबीन म्हणाला. "नाही" म्हणाला असता तर वाक्य काढायला लावलं असतं.

ऑफिसच्या कामाचं काय लिहायचं, हेही इथेच येतं. अकाउंट्सच्या माणसाला हॉस्पिटलच्या खाटेवरही 20 तारीख दिसते, कारण महिन्याचं जीएसटी रिटर्न त्या दिवसापर्यंत भरायचं असतं. "कामाची काळजी करू नका" म्हटल्याने ती जात नाही. इथे पुन्हा काळ महत्त्वाचा. "रिटर्न आम्ही भरू" यात थोडं बघू-करूचं आहे. "भरतो" म्हणजे जबाबदारी घेतली. "भरून झालंय" म्हणजे विषय संपला. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी आधी रिटर्न भरलं, त्याच्या पोचपावतीचा नंबर म्हणजे एआरएन आला आणि मगच मेसेज पाठवला. एक दिवस उशीर झाला, पण त्या दोन शब्दांसाठी तो परवडला. "कधी येणार?" किंवा "तो पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय?" हे प्रश्न या मेसेजमध्ये येता कामा नयेत. फारच अडलं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या फोनवर, आणि शक्यतो घरच्यांमार्फत.

बोली की पुस्तकी

त्याच्या मसुद्यात "झाले" असं छापील रूप होतं आणि पुढे मी सुचवलेल्या वाक्यांत "झालं", "लागलं". दोन्ही बरोबर. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही बोलण्याप्रमाणे लिहिताना "असं केलं" अशी अनुस्वाराची रूपं चालतात, एरवी "असे केले" लिहावं असं आहे. ऑफिसतर्फे कार्ड छापून फुलांबरोबर द्यायचं असेल तर एकारान्त रूपं शोभतात. फोनवरून आपल्या नावाने पाठवायचं तर अनुस्वार. फक्त एका मेसेजमध्ये दोन्ही नकोत. "ऐकून बरे वाटलं" असं आलं की अर्धं वाक्य साहेबाने सांगितलंय आणि अर्धं आपण लिहिलंय असं वाटतं. बाकी "तब्बेत" नव्हे तब्येत, "आशिर्वाद" नव्हे आशीर्वाद, एवढं एकदा नजरेखालून घालावं.

शेवटी मेसेज असा झाला:

> ताई, काल तुमचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, हायसं वाटलं. आता दुखणं लवकर कमी होवो आणि रात्री शांत झोप लागो. 20 तारखेचं रिटर्न भरून झालंय. रात्री कुणी थांबायला हवं असेल तर मी हॉस्पिटलजवळच राहतो, घरच्यांना माझा नंबर देऊन ठेवा. उत्तर द्यायची घाई नाही. लवकर बऱ्या व्हा.

"उत्तर द्यायची घाई नाही" हे त्याने स्वतःहून घातलं. मला सुचलं नव्हतं. सलाइन लावलेल्या हाताने "धन्यवाद" टाइप करत बसायचा त्रास त्याने वाचवला.

जिथे हे सगळं थोडं बदलतं

बरोबरीच्या मित्राला डेंगी झालाय, प्लेटलेट्स खाली जाऊन आता वर यायला लागल्यात, तर सूर सैल चालतो: "अरे, प्लेटलेट्स वाढतायत हे ऐकून जिवात जीव आला. किवी घेऊन येणाऱ्यांची रांग आता आवर. लवकर बरा हो, कॅन्टीनचं बिल थकलंय." थट्टा त्याच्या आजाराची नाही, भेटायला येणाऱ्यांची आणि बिलाची आहे, हे बघा. आपण स्वतः मात्र पपईच्या पानांच्या रसाची कृती पाठवू नये. ती त्याला आधीच सात जणांनी पाठवलेली असते. पोटावर टाके असतील तर विनोदही जरा बेतानेच, हसताना ते दुखतात.

आजार मोठा आणि लांबचा असेल, केमो चालू असेल, तर "लवकर बरे व्हा" टाळावं. ज्याला सहा महिन्यांचं वेळापत्रक दिलंय त्याला "लवकर" हा शब्द टोचतो. तिथे शुभेच्छा लहान करावी, एका दिवसापुरती: "उद्याचा केमोचा दिवस फार त्रास न देता जावो." "लढा द्या", "तुम्ही जिंकणारच" हेही मी लिहीत नाही. थकलेल्या माणसावर पुन्हा शूर दिसायचं ओझं कशाला. आणि मेसेज ग्रुपवर टाकणार असाल तर आजाराचं नाव लिहू नका. ते कुणाला सांगायचं हे त्या माणसानेच ठरवायचं असतं.

आमचा मेसेज ग्रुपवर गेला नाही, थेट ताईंना गेला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, उत्तर नाही. पोरगा दिवसभर अस्वस्थ, पुन्हा पुन्हा फोन बघायचा. घाई नाही असं तूच लिहिलंस ना, म्हणून मी त्याला गप्प केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंचं उत्तर आलं: "घरी आले. झोप लागली. रिटर्नचा एआरएन पाठवून ठेव."